नवं विंडोज टाकण्याआधीची पाच मिनिटं

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने थांबवला. तेव्हापासून एक प्रश्न घराघरांत आणि छोट्या कार्यालयांत अडकून पडला आहे. 2018-19 साली घेतलेला, अजून ठणठणीत चालणारा संगणक आहे आणि त्यावर विंडोज 11 टाकायचं आहे. इन्स्टॉलर सुरू केला की पडद्यावर `This PC can't run Windows 11` असं उमटतं. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो, आधी बायोस अपडेट करून घ्या. आणि शेजारचा जाणकार त्याच दमात बजावतो की ते करताना लाइट गेली तर मदरबोर्ड गेला म्हणून समजा.

दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे, पण दोन्ही अर्धे आहेत. बायोस अपडेट दर वेळी लागतोच असं नाही. आणि अपडेट मध्येच तुटला तर बोर्ड कायमचा गेला असंही नाही. नक्की काय पुसलं जातं, किती वेळ धोका असतो आणि मोडलं तर कोण दुरुस्त करू शकतं, हे कळलं की निर्णय आपला आपल्याला घेता येतो.

संगणकाच्या कॅबिनेटचं झाकण काढून मदरबोर्डवर टॉर्च मारा. आठ पायांची एक काळी चिप दिसेल, जेमतेम पाच-सहा मिलिमीटरची. तिच्यावरची अक्षरं बारीक असतात, पण नीट पाहिलं तर बऱ्याच बोर्डांवर `25Q128` असं काहीतरी वाचता येतं. त्यातला 128 हा आकडा क्षमतेचा: 128 मेगाबिट, म्हणजे 16 मेगाबाइट. मोबाइलवर काढलेले तीन-चार फोटो मावतील एवढीच जागा. मदरबोर्डचं फर्मवेअर, ज्याला आपण अजूनही सवयीने बायोस म्हणतो, ते सगळंच्या सगळं या चिपमध्ये असतं. आताच्या बोर्डांवरच्या फर्मवेअरचं खरं नाव यूईएफआय आहे, पण बाजारात, दुकानात आणि कंपन्यांच्या डाउनलोडच्या पानांवरही बायोस हाच शब्द चालतो, तोच इथेही वापरतो.

पॉवरचं बटण दाबल्यावर पहिलं काम या चिपमधल्या प्रोग्रॅमचं. त्या क्षणी रॅम वापरण्याजोगी नसते, हार्ड डिस्क कुठे आहे ते माहीत नसतं, पडद्यावर एक ठिपकाही काढता येत नाही. बायोस एकेकाला जागं करतो आणि सगळं सुरळीत झालं की सूत्रं विंडोजकडे किंवा लिनक्सकडे देतो. विंडोज बिघडलं तर पेनड्राइव्हवरून दुसरं टाकता येतं, कारण पेनड्राइव्ह वाचणारा बायोस शाबूत असतो. बायोसच गेला तर पेनड्राइव्ह वाचायलाही कोणी उरत नाही. बायोस अपडेटची भीती वाटते ती याचमुळे.

आता अपडेटमध्ये काय होतं ते पाहू. ही चिप फ्लॅश प्रकारची असते आणि फ्लॅश मेमरीचा एक स्वभाव आहे: जुन्या मजकुरावर नवा मजकूर थेट लिहिता येत नाही. लिहिताना एकाचा शून्य करता येतो, शून्याचा एक करता येत नाही. शून्याचा पुन्हा एक करायचा तर पूर्ण गठ्ठाच पुसावा लागतो. हे गठ्ठे साधारण 64 किलोबाइटचे. पाटी पुसल्याशिवाय त्यावर नवं लिहिता येऊ नये, आणि पुसताना एकेक अक्षर न पुसता पाटीचा पूर्ण चौकोनच पुसावा लागावा, तसं हे आहे. म्हणजे अपडेटमध्ये प्रत्येक गठ्ठ्याच्या वाट्याला एक काळ असा येतोच, की जुनं निघून गेलेलं असतं आणि नवं अजून आलेलं नसतं.

हा काळ किती, त्याचा हिशेब करता येतो. 16 मेगाबाइटच्या नेहमीच्या चिपमध्ये 64 किलोबाइटचे 256 गठ्ठे असतात. एक गठ्ठा पुसायला साधारण 150 मिलिसेकंद धरले, तर सगळे पुसायला 38 सेकंद. लेखन 256 बाइटच्या पानापानाने होतं. अशी 65,536 पानं, प्रत्येकाला एका मिलिसेकंदाहून थोडा कमी वेळ, म्हणजे पाऊण मिनिटाच्या आसपास. पुसणं आणि लिहिणं मिळून दीड मिनिट झालं. त्याआधी फाइल तपासली जाते, नंतर लिहिलेलं पुन्हा वाचून पडताळलं जातं, म्हणून पडद्यावरची पट्टी दोन ते पाच मिनिटं चालते. खरा धोका त्यातल्या मधल्या भागात असतो. फाइल तपासली जात असताना वीज गेली तर काहीच बिघडत नाही, कारण अजून एकही गठ्ठा पुसलेला नसतो.

मधल्या त्या काळात वीज गेली, किंवा कुणी घाबरून बटण दाबून धरलं, तर चिपमध्ये तीन प्रकारचा मजकूर एकत्र राहतो: काही गठ्ठे नव्या आवृत्तीचे, काही कोरे, उरलेले जुन्या आवृत्तीचे. पुन्हा बटण दाबल्यावर पंखे फिरतात, दिवा लागतो, पण डिस्प्ले येत नाही. कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा दाबून लागत-विझत नाही. काही वेळा संगणक चालू होऊन काही सेकंदांनी आपोआप बंद होतो आणि पुन्हा चालू होतो, हेच चक्र सुरू राहतं.

बायोस पुसला गेला तर काय होतं हे जगाने एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. 26 एप्रिल 1999 रोजी सीआयएच नावाच्या व्हायरसने ठरवलेल्या तारखेला काम केलं. त्या दिवसाशी जुळणाऱ्या चेर्नोबिलच्या अपघातावरून त्याला चेर्नोबिल व्हायरस असंही म्हणू लागले. तो हार्ड डिस्कच्या सुरुवातीचा भाग खराब करायचा आणि ज्या मदरबोर्डांवर जमेल तिथे बायोसच्या चिपमध्येही कचरा लिहायचा. तेव्हाच्या बोर्डांवर चिप बऱ्याचदा सॉकेटमध्ये बसवलेली असे, ती काढून दुसरी बसवली की काम भागायचं. आता ती बोर्डावर डाग देऊन पक्की केलेली असते. पण त्याच्या बदल्यात आजच्या बोर्डांत सुटकेच्या इतर वाटा ठेवल्या आहेत, त्यांच्याकडे नंतर वळू.

आधी प्रश्न हा की अपडेट करायचाच कशाला. विंडोज 11 ला मुख्यतः तीन गोष्टी हव्यात: मान्य यादीतला प्रोसेसर, टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूटला चालणारं यूईएफआय. पहिली अट बायोसने बदलत नाही. इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडी रायझनचे 2000 मालिकेपासूनचे प्रोसेसर यादीत आहेत. संगणकात इंटेलचा सहाव्या पिढीचा आय5 असेल तर कितीही नवा बायोस टाकला तरी तो यादीत येणार नाही, अशा बोर्डाला हात लावू नये. दुसऱ्या अटीसाठी वेगळी चिप विकत आणायची गरज बहुतेकांना नसते. टीपीएमचं काम करणारा भाग इंटेल आणि एएमडीच्या या पिढ्यांमध्ये आधीच आहे, बायोसमध्ये त्याची नावं `Intel PTT` आणि `AMD fTPM` अशी दिसतात. 2021 च्या आधीच्या बायोसमध्ये तो बऱ्याचदा बंद ठेवलेला असे, एवढंच. बंद आहे म्हणून इन्स्टॉलर अडत असेल तर बायोसमध्ये जाऊन तो चालू करावा. अपडेटची गरज नाही.

मग अपडेट केव्हा हवा? एक ठोस कारण एएमडीच्या संगणकांवर आहे. विंडोज 11 आल्यावर एफटीपीएम चालू केलेल्या काही रायझन संगणकांवर मधूनच आवाज तुटायचा, माउस अडखळायचा, आणि क्षणभराने सगळं पूर्ववत व्हायचं. 2022 च्या मार्चमध्ये एएमडीने याचं कारण सांगितलं: एफटीपीएम आपली माहिती याच बायोसच्या चिपमध्ये ठेवतो आणि तिथली ये-जा कधीकधी लांबली की सगळी यंत्रणा क्षणभर थांबते. याचा उपाय त्यांनी दिला तो बायोस अपडेटमधून, आणि बोर्ड बनवणाऱ्यांकडून तो त्या वर्षीच्या मे महिन्यापासून येऊ लागला. म्हणून 2019 चा बायोस असलेल्या रायझन बोर्डावर विंडोज 11 टाकायचं असेल तर मी अपडेट करतो. दुसरं कारण नव्या प्रोसेसरचं: जुन्या बोर्डात नवा प्रोसेसर बसवायचा असेल तर त्याची ओळख करून देणारा बायोस आधी लागतो.

आणि करायचा तर नवं विंडोज टाकण्याच्या आधी. क्रम उलटा केला तर तीन गोष्टी अंगावर येतात. अपडेटनंतर बायोसच्या सगळ्या सेटिंग्ज मूळ पदावर जातात, त्यामुळे नुकतंच बसवलेलं विंडोज सुरू होईनासं होऊ शकतं. एफटीपीएममध्ये साठवलेल्या किल्ल्या पुसल्या जाऊ शकतात. आणि विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून बऱ्याच संगणकांवर नव्याने बसवताना डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मग अपडेटनंतर पहिल्याच वेळी निळ्या पडद्यावर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते, आणि ती कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नसतं. जुनी डिस्क तशीही पुसायचीच आहे, तोवर अपडेट उरकला तर यातलं काहीच आड येत नाही.

सांगलीच्या एका छपाई व्यावसायिकांचा संगणक गेल्या दिवाळीनंतर माझ्याकडे आला, त्यात हे सगळं एका जागी पाहायला मिळालं. प्रोसेसर रायझन 5 2600, मदरबोर्ड बी450 चिपसेटचा, 240 जीबीची एसएसडी, त्यावर 2019 साली टाकलेलं विंडोज 10. लग्नपत्रिका आणि कार्यअहवालांचं सगळं काम त्यावर. प्रोसेसर मान्य यादीतला, तरीही इन्स्टॉलर नाही म्हणत होता.

आधी `msinfo32` चालवून पाहिलं. त्या खिडकीत तीन ओळी महत्त्वाच्या: `BaseBoard Product` मध्ये बोर्डाचं नाव, `BIOS Version/Date` मध्ये आवृत्ती आणि तारीख, `BIOS Mode` मध्ये `Legacy` की `UEFI`. इथे तारीख 2019 ची आणि मोड `Legacy` होता. या खिडकीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. मग झाकण उघडून बोर्डाच्या कडेला छापलेला रिव्हिजन नंबर पाहिला. हे पाऊल लोक चुकवतात. एकाच नावाच्या बोर्डाच्या `rev. 1.0` आणि `rev. 2.0` यांची फाइल वेगळी असू शकते आणि नाव तेच असल्याने आपल्याला फरक कळत नाही. बायोसमध्ये अंगभूत असलेलं फ्लॅशचं साधन चुकीच्या मॉडेलची फाइल सहसा पुसायला सुरुवात करण्याआधीच नाकारतं, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

कंपनीच्या पानावर सगळ्यात वरची फाइल उतरवून मोकळं होण्याचा मोह आवरायला हवा. प्रत्येक आवृत्तीखाली बारीक अक्षरांत टीप असते, ती खालून वर वाचत जायची. या बोर्डाच्या यादीत एका ठिकाणी लिहिलं होतं की याच्या पुढच्या आवृत्त्यांवर जाण्याआधी मधली एक आवृत्ती टाका. एएम4 सॉकेटच्या बोर्डांवर आणखी एका प्रकारची टीप दिसते. 16 मेगाबाइटच्या चिपमध्ये सगळ्या पिढ्यांच्या प्रोसेसरांची माहिती मावेना, तेव्हा काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून जुन्या ए-मालिकेच्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकला गेला. तो जुना प्रोसेसर बसवलेला असताना असा बायोस टाकला, तर अपडेट अगदी व्यवस्थित पूर्ण होतो आणि पुढच्या वेळी डिस्प्ले येत नाही. लोक समजतात की फ्लॅश बिघडला. बिघडलेलं काहीच नसतं, बायोस त्या प्रोसेसरला ओळखत नाही इतकंच.

आधी कामाच्या सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. जुन्या विंडोजवर बिटलॉकर चालू नव्हतं, असतं तर आधी ते तात्पुरतं थांबवलं असतं:

```
manage-bde -status
manage-bde -protectors -disable C:
```

मग बायोसच्या सेटिंग्जच्या प्रत्येक पानाचा फोटो. पेनड्राइव्ह FAT32 मध्ये फॉरमॅट केला, झिप उघडून आतली फाइल त्यावर टाकली. संगणक बंद करून पुन्हा चालू करताना Delete दाबून बायोसमध्ये गेलो आणि तिथलंच फ्लॅशचं साधन वापरलं. विंडोजमधून बायोस अपडेट करून देणारे कंपन्यांचे प्रोग्रॅम असतात, पण घरी जोडलेल्या डेस्कटॉपसाठी मला ते पटत नाहीत. विंडोजमध्ये त्याच वेळी दुसरी पंचवीस कामं चालू असतात आणि त्यातलं एखादं अडलं की अपडेटही अडकतो. बायोसमधल्या साधनाला दुसरं कामच नसतं.

मधली आवृत्ती टाकून झाली, मग शेवटची. दुसऱ्या वेळी पट्टी एका जागी येऊन थांबली. ते गृहस्थ शेजारी उभे होते.

"अहो, हे अडकलं वाटतं. बंद करून परत चालू करूया का?"

"नाही. आता बटणाला हात लावायचाच नाही. पुसतोय तो. हलेल पट्टी."

अर्ध्या मिनिटाने पट्टी हलली. अपडेट मध्येच तुटण्याचं कारण पुष्कळदा वीज नसून हा हात असतो. पट्टीचे टक्के वेळेच्या प्रमाणात धावत नाहीत, पुसण्याच्या टप्प्यावर त्या एकाच आकड्यावर थबकतात. त्याहून फसवा काळ येतो तो पट्टी पूर्ण झाल्यावर. संगणक स्वतःच बंद होतो, पुन्हा चालू होतो, कधी दोन-तीनदा, आणि तोवर पडदा काळा. नवा बायोस रॅमची चाचणी पहिल्यापासून घेत असतो. डीडीआर5 रॅमच्या नव्या बोर्डांवर हा काळा पडदा काही मिनिटं टिकू शकतो. माझा नियम साधा आहे: पट्टी पूर्ण झाल्यानंतर किमान 15 मिनिटं काही करायचं नाही. बोर्डावर `CPU`, `DRAM`, `VGA`, `BOOT` असे छोटे दिवे असतील तर त्यांच्याकडे पाहावं. दिवे एकामागून एक बदलत असतील तर काम चालू आहे.

त्या संगणकावर पडदा उजळला तो या ओळींनी: `Press Y to reset fTPM`, आणि खाली `Press N` चा पर्याय. डिस्क कुलूपबंद असती तर इथे Y दाबण्याआधी रिकव्हरी की हातात हवी होती. इथे तसं काही नसल्याने Y दाबला. मग विंडोज 10 सुरू व्हायला हवं होतं. त्याऐवजी आलं `Reboot and Select proper Boot device`. गृहस्थांचा चेहरा पडला. पण ज्या संगणकाला पडद्यावर वाक्य लिहिता येतं त्याचा बायोस जिवंत आहे. अडचण सेटिंगची होती: जुनं विंडोज `Legacy` पद्धतीने बसवलेलं, आणि मूळ पदावर गेलेल्या सेटिंग्जमध्ये जुन्या पद्धतीला वाव देणारा `CSM` बंद झालेला. तो चालू केला, जुनं विंडोज 10 उघडलं, अर्धा तास तसंच चालू ठेवलं. नवा बायोस बोर्डावर नीट बसला याची खात्री जुन्या, ओळखीच्या विंडोजवरच करून घेता आली, हाही आधी अपडेट करण्याचा एक फायदा.

पुढचं सरळ होतं. `AMD fTPM` चालू, `CSM` बंद, पेनड्राइव्हवरून विंडोज 11 आणि डिस्क कोरी करून नव्याने. डिस्क पुसायची नसती तर विंडोज 10 मधूनच आधी तिची मांडणी बदलता आली असती:

```
mbr2gpt /validate /allowFullOS
mbr2gpt /convert /allowFullOS
```

पहिली आज्ञा फक्त तपासते, ती यशस्वी झाली तरच दुसरी द्यायची आणि त्यानंतर `CSM` बंद करायचा. एक खबरदारी इथे लागते. फार जुनं ग्राफिक्स कार्ड असेल, साधारण 2012 च्या आधीचं, तर `CSM` बंद केल्यावर डिस्प्ले न येण्याची शक्यता असते. हाही फ्लॅशचा दोष नव्हे. सेल काढून किंवा बोर्डावरच्या क्लिअर सीमॉस पिना जोडून सेटिंग्ज पुसल्या तर बऱ्याच बोर्डांवर डिस्प्ले परत येतो.

विजेचं काय? आपल्याकडे ठरलेल्या वारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, पावसाळ्यात केव्हाही जाते. त्या दिवशी आणि आभाळ भरून आलेलं असताना हे काम काढू नये. संगणकाचा यूपीएस असेल तर तो पुरेसा आहे, फक्त त्याची बॅटरी खरोखर धरते का ते आधी पाहावं. बायोसच्या सेटिंग्जचं पान उघडं ठेवून यूपीएसचा भिंतीतला पिन काढावा. दहा मिनिटं तग धरला तर पिन परत लावून, थोडं चार्ज होऊ देऊन पुढे जावं. काही यूपीएसवर बॅटरीचा दिवा हिरवा असतो आणि पिन काढताच संगणक विझतो, म्हणून ही चाचणी प्रत्यक्षच घ्यावी.

घरच्या इनव्हर्टरवर विसंबणाऱ्यांसाठी थोडं जास्त सांगायला हवं. लाइट गेल्यावर इनव्हर्टर बॅटरीवर वळतो त्यात क्षणभर खंड पडतो. संगणकाचा पॉवर सप्लाय पूर्ण भाराखाली साधारण 16-17 मिलिसेकंद एवढाच खंड आपल्या पोटातल्या कपॅसिटरवर भरून काढेल अशा अपेक्षेने बनवलेला असतो, आणि स्वस्तातला तेवढंही करेल याची खात्री नसते. आपल्याकडच्या बऱ्याच इनव्हर्टरांच्या मागे `UPS` आणि `ECO` अशा दोन बाजूंचं बटण असतं. `UPS` वर असेल तर तो झटकन वळतो. `ECO` वर वळायला लागणारा वेळ जास्त, पंखे आणि ट्यूबलाइटला तो कळतही नाही, पण संगणक रिस्टार्ट होऊ शकतो. लाइट गेल्यावर संगणक बंद होतो अशी तक्रार असलेल्या घरांत मी आधी हे बटण पाहतो. अपडेटच्या आधी ते `UPS` वर आहे याची खात्री करावी.

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्याने विजेची भीती कमी. तिथला अपडेट बॅटरी ठरावीक टक्क्यांच्या खाली असेल किंवा अडॅप्टर लावलेला नसेल तर सहसा सुरूच होत नाही. मात्र लॅपटॉपवर दुसरा घोळ आहे: बायोसचा अपडेट विंडोज अपडेटमधूनही येतो आणि रिस्टार्टच्या वेळी चालतो. काळ्या पडद्यावर कंपनीचं चिन्ह आणि एक पट्टी दिसते, पंखा जोरात फिरतो. घाईच्या वेळी विंडोज अडकलं असं वाटून कुणी पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरलं, की अर्धवट फ्लॅश झालेला लॅपटॉप हातात राहतो.

आणि तरीही तुटलाच अपडेट, तर? सगळ्यात आधी खात्री करावी की खरंच तुटला आहे. वीज काढून, सेल काही मिनिटं बाहेर ठेवून, एकच रॅम लावून पुन्हा चालू करून पाहावा. तरीही अंधार असेल तर बोर्डाच्या मागच्या बाजूला, यूएसबीच्या खाचांजवळ, एक छोटं बटण आहे का पाहावं. असूसच्या बोर्डांवर त्याला बायोस फ्लॅशबॅक म्हणतात, एमएसआयवर फ्लॅश बायोस बटण, गिगाबाइटवर क्यू-फ्लॅश प्लस. या बटणामागे एक वेगळी छोटी कंट्रोलर चिप असते. ती पेनड्राइव्ह स्वतः वाचते आणि बायोसची चिप स्वतः लिहिते, त्यासाठी प्रोसेसर किंवा रॅम लागत नाही, मुख्य बायोस जिवंत असायचीही गरज नसते. पेनड्राइव्ह FAT32 हवा, फाइलचं नाव कंपनीने सांगितलेलंच हवं (एमएसआयच्या बोर्डांवर `MSI.ROM`, गिगाबाइटवर `GIGABYTE.bin`), आणि पेनड्राइव्ह खूण केलेल्या त्याच खाचेत हवा. संगणक बंद, पण पॉवर सप्लाय जोडून चालू. बटण दाबलं की दिवा लुकलुकतो आणि काही मिनिटांनी लुकलुकणं थांबतं. दिवा काही सेकंदांतच स्थिर झाला तर फ्लॅश झालेलाच नाही, बहुतेक वेळा नाव किंवा फॉरमॅट चुकलेलं असतं. हे बटण असलेला बोर्ड असेल तर मी अपडेट निर्धास्त मनाने करतो. नसेल तर यूपीएसशिवाय करत नाही.

बटण नसलेल्या काही बोर्डांवर दुसरी सोय असते. गिगाबाइटच्या अनेक बोर्डांवर दोन चिपा असतात, मुख्य बिघडली की राखीव चिपेवरून ती पुन्हा लिहिली जाते. अनेक बोर्ड आणि लॅपटॉप बायोसच्या सुरुवातीचा छोटा भाग जपून ठेवतात आणि तो शाबूत असेल तर पेनड्राइव्हवर नीट नावाची फाइल शोधून स्वतःला भरून काढतो. एचपीच्या पुष्कळ लॅपटॉपांवर त्यासाठी Windows आणि B या कळा दाबून धरून चालू करायचं, डेलच्या पुष्कळ लॅपटॉपांवर Ctrl आणि Esc दाबून धरायच्या.

हेही नसेल तर पुण्यातली तपकीर गल्ली किंवा मुंबईतला लॅमिंग्टन रोड, किंवा आपल्या गावातला बोर्ड दुरुस्त करणारा चांगला कारागीर. त्याच्याकडे सीएच341ए नावाचा छोटा प्रोग्रॅमर आणि आठ दातांचा चिमटा असतो. चिमटा चिपेवर बसवायचा, प्रोग्रॅमर दुसऱ्या संगणकाला जोडायचा आणि चिप थेट लिहायची. काही चिपा 3.3 व्होल्टच्या असतात, बऱ्याच नव्या लॅपटॉपांत 1.8 व्होल्टच्या. दुसऱ्या प्रकारच्या चिपेला मधला अडॅप्टर न लावता प्रोग्रॅमर जोडला तर चिपच जळू शकते, कारागिराला हे माहीत आहे का ते विचारायला संकोचू नये.

त्याच्याकडे काम देताना एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावी: लिहिण्याआधी चिपेत जे काही उरलं आहे ते वाचून त्याची प्रत ठेवा. फ्लॅश अर्धवट तुटला तरी चिपेतला काही भाग जुनाच असतो, आणि त्यात त्या एकाच बोर्डाची माहिती असते: सीरियल नंबर, नेटवर्क पोर्टचा मॅक पत्ता, लॅपटॉपमध्ये विकत घेताना आलेल्या विंडोजची लायसन्स की. कंपनीच्या साइटवरच्या फाइलमध्ये यातलं काही नसतं. ती जशीच्या तशी मारली तर बोर्ड चालू होतो, डिस्प्ले येतो, पण सीरियल नंबरच्या जागी रिकामी ओळ दिसते आणि विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होत नाही. जाणकार कारागीर जुन्या प्रतीतून हे तुकडे उचलून नव्या फाइलमध्ये बसवतो आणि मगच चिप लिहितो. जुनी प्रत पेनड्राइव्हवर मागून घ्यावी, आणि बोर्ड हातात आल्यावर दुकानातच `msinfo32` उघडून सीरियल आणि मॉडेलच्या ओळी तिथल्या तिथे वाचून घ्याव्यात.